ठरावीक वेळीच तुटणारी डीएसएल लाइन : राउटरचा लॉग आणि नॉइज मार्जिन कसे वाचावे?

सायंतारा

नमस्कार. माझ्याकडे तांब्याच्या तारेवरची एडीएसएल२+ जोडणी आहे. दिवसभर ती उत्तम चालते, पण संध्याकाळी सातच्या सुमारास एकदा हमखास तुटते आणि दोन मिनिटांत आपोआप परत येते. काही दिवशी रात्री साडेदहानंतर आणखी एकदा तुटते. तक्रार केली की दुसऱ्या दिवशी दुपारी लाइन तपासली जाते आणि 'दोष आढळला नाही' असे उत्तर मिळते. दुपारी दोष नसतोच, त्यामुळे ते उत्तर खोटेही म्हणता येत नाही.

राउटरच्या लॉगमध्ये त्या वेळी एवढेच दिसते :

```
19:12:41 DSL: link down
19:12:44 PPP: LCP down
19:14:02 DSL: link up
19:14:09 PPP: IP address assigned
```

स्थितीच्या पानावर `SNR Margin` हा आकडा आहे. आत्ता दुपारी तो ६.१ दाखवत आहे. या दोन गोष्टींवरून कारणापर्यंत पोहोचता येते का, आणि नेमके काय व केव्हा नोंदवावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मेघना_रा

संध्याकाळी सगळेच जण घरी येऊन इंटरनेट वापरतात, त्यामुळे यंत्रणेवर ताण येतो. वेळ पाहता मला तरी हेच कारण स्पष्ट दिसते. यात राउटरचा आकडा पाहून काही हाती लागेल असे वाटत नाही.

पाऊलखुणा

माझ्याकडेही हाच त्रास आहे. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये माझा सिग्नल −७१ दिसतो आणि स्वयंपाकघरात गेले की −८० होतो. मी चॅनेल ६ वरून ११ वर नेला, तेव्हा बराच फरक पडला. तुम्हीही तो बदलून पाहा.

काटेकोर

@पाऊलखुणा, तुम्ही सांगता तो आकडा फोन आणि राउटर यांच्यामधल्या वायफायचा आहे. सायंतारा यांनी विचारलेला आकडा राउटर आणि एक्स्चेंज यांच्यामधल्या तारेचा आहे. वायफाय तुटले तर लॉगमध्ये `DSL: link down` ही ओळ येत नाही, कारण तारेला त्याचा पत्ताही लागत नाही.

@मेघना_रा, त्याच ओळीमुळे गर्दीचे कारणही मला मान्य करता येत नाही. गर्दी असते ती एक्स्चेंजच्या पलीकडे. तिच्यामुळे वेग मंदावेल, पाने उशिरा उघडतील, फार झाले तर सेवा देणाऱ्यांशी असलेले लॉगिनचे, म्हणजे पीपीपीचे सत्र तुटेल, पण तेव्हा लॉगमध्ये नुसती `PPP` ची ओळ दिसेल आणि खालची डीएसएल जोडणी अखंड राहील. इथे आधी डीएसएल तुटली आहे आणि तीन सेकंदांनी पीपीपी. ओळींचा हा क्रम पहिल्यांदा पाहावा, कारण त्यावरूनच शोध कोणत्या बाजूला न्यायचा ते ठरते.

@सायंतारा, दोन प्रश्न आहेत. लॉगमधली वेळ तुमच्या घड्याळाशी जुळते का? आणि जोडणी तुटल्यानंतर लॉगमध्ये कुठे १९७० सालातली तारीख दिसते का? राउटर पूर्ण बंद होऊन चालू झाला, तर इंटरनेटवरून खरी वेळ मिळेपर्यंत बरेच राउटर १ जानेवारी १९७० पासून मोजतात. तशी नोंद असेल, तर त्या वेळी वीज गेली किंवा राउटर स्वतःच बंद पडला असा अर्थ होतो आणि मग तारेकडे पाहण्याचे कारण उरत नाही.

सायंतारा

वेळ जुळते. संध्याकाळच्या नोंदींजवळ १९७० नाही, मात्र रोज सकाळी नऊच्या पुढेमागे १९७० च्या काही ओळी दिसतात. जोडणी बसवताना रोज नऊ वाजता राउटर आपोआप पुन्हा चालू होण्याची सोय करून दिलेली आहे, त्या ओळी त्यामुळे येत असाव्यात. तेव्हा आम्हाला कसलाही त्रास होत नाही, म्हणून मूळ प्रश्नात तो उल्लेख केला नव्हता.

खांबावरचा

मी अनेक वर्षे लाइनदुरुस्तीचे काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मार्जिनचा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही. तो कोणत्या वेगावर मिळाला आहे, हे शेजारी लिहिले तरच त्याला अर्थ येतो. राउटर एक्स्चेंजशी जुळणी करतो तेव्हा त्या क्षणी तारेवर जेवढा नॉइज असेल तेवढा मोजतो, त्यावर ठरलेली राखीव जागा सोडतो (बहुतेक लाइनींवर ती ६ डेसिबल असते) आणि उरलेल्या जागेत बसेल तेवढा वेग घेतो. त्यानंतर वेग तोच राहतो. नॉइज वाढला की वेग कमी होत नाही, राखीव जागा खर्च होऊ लागते. मार्जिन शून्याजवळ आले की चुका आवरत नाहीत आणि जोडणी सुटते. तुमचा दुपारचा ६.१ हा आकडा 'लाइन ठीक आहे' असे सांगत नाही. सकाळी जुळणी झाली आणि तेव्हापासून नॉइज बदललेला नाही, एवढेच तो सांगतो.

म्हणून संध्याकाळच्या आधीपासून दर मिनिटाला मार्जिन, वेग आणि सीआरसी चुका, म्हणजे तारेवर बिघडून आलेल्या डेटाची मोजणी, नोंदवा. राउटरमध्ये टेलनेटने जाता येत असेल आणि आतली चिप ब्रॉडकॉमची असेल, तर हे पुरते :

```
while true; do
  date
  adsl info --stats | grep -E "SNR|Downstream rate|CRC"
  sleep 60
done
```

काही राउटरांवर `adsl` ऐवजी `xdslctl` लिहावे लागते. ही नोंद संगणकावरच्या फाइलमध्ये साठवा, कारण राउटरमध्ये ठेवलेली नोंद तो बंद होताच पुसली जाते.

नवखा_वाचक

जोडणी तुटल्यानंतर लगेच पाहिले तर चालणार नाही का? दर मिनिटाला कशासाठी?

खांबावरचा

तुटल्यानंतर पाहाल तर नवी जुळणी झालेली असते आणि मार्जिन पुन्हा ६ च्या आसपास दिसते, म्हणजे पुरावा गेलेला असतो. चुकांचा `Since Link time` हा विभागही नव्या जुळणीपासून शून्यावरून मोजू लागतो. त्याच पानावर `Previous 15 minutes` असा विभाग असतो, त्यात आधीच्या पंधरा मिनिटांतल्या चुका राहतात, पण तोही थोड्याच वेळात पुढे सरकतो. शिवाय मार्जिन हळूहळू उतरले की एका क्षणात कोसळले, हे जाणून घ्यायचे असते आणि ते नंतर पाहून कळत नाही.

सायंतारा

सांगितल्याप्रमाणे नोंद ठेवली. सगळे आकडे लिहीत नाही, महत्त्वाच्या वेळा तेवढ्या देतो. शेवटचा आकडा डाउनलोडच्या जुळणीचा वेग आहे, किलोबिटमध्ये.

```
14:00  SNR  6.1  13640
17:30  SNR  5.6  13640
18:30  SNR  3.9  13640
18:50  SNR  2.4  13640
19:08  SNR  0.9  13640
19:12  link down
19:15  SNR  6.0  11180
22:00  SNR  5.2  11180
08:55  SNR 10.9  11180
09:03  SNR  6.0  13640
```

सहा वाजेपर्यंत सीआरसी चुका तुरळक होत्या, पावणेसातनंतर दर मिनिटाला वाढत गेल्या.

काटेकोर

शेवटच्या दोन ओळी पाहा. रोज संध्याकाळी एकदाच का तुटते, याचे उत्तर त्यांत आहे.

संध्याकाळी तुटल्यावर राउटर वाढलेल्या नॉइजमध्ये जुळणी करतो, म्हणून ११,१८० वेगावर समाधान मानतो. रात्रभर तो टिकतो. सकाळी नॉइज उतरला की त्याच वेगावर मार्जिन १०.९ पर्यंत चढते, म्हणजे जवळपास ५ डेसिबल जास्तीची राखीव जागा हाताशी येते. तशीच सोडली असती, तर ती त्या दिवशीच्या संध्याकाळी कामी आली असती. पण नऊ वाजता राउटर पुन्हा चालू होतो, शांत वेळ पाहून १३,६४० वेग घेतो आणि ती जागा खर्च करून टाकतो. संध्याकाळी नॉइज पुन्हा ५ डेसिबलने वाढतो, तेव्हा जवळ फक्त ६ असतात.

सकाळचे हे पुन्हा चालू होणे बंद करा.

मेघना_रा

हे पटले, पण ही सोय बंद केली तरी मुळात संध्याकाळी नॉइज का वाढतो ते कळत नाही. मी आधी यंत्रणेवरचा ताण म्हटले होते. एकाच केबलमधून अनेक घरांच्या तारांच्या जोड्या जातात आणि एका जोडीतला सिग्नल दुसरीत झिरपतो, असे मी वाचले आहे. संध्याकाळी लोक मोडेम चालू करतात, म्हणून नॉइज वाढतो. म्हणजे कारण शेवटी गर्दीच ठरते, फक्त ती केबलमधली आहे.

खांबावरचा

@मेघना_रा, झिरपण्याचा मुद्दा बरोबर आहे आणि अशा लाइनी मी पाहिल्या आहेत. पण त्यात एक अडचण आहे. मोडेम हा नुसता चालू असला आणि कोणी काही डाउनलोड करत नसले, तरी एडीएसएलचा सिग्नल तारेवर जवळपास तेवढाच असतो, आणि बहुतेकांचे मोडेम दिवसरात्र चालूच असतात. दुसरे असे की शेजारचा मोडेम चालू झाला तर मार्जिन एका मिनिटात एक पायरी खाली येईल. इथे ते साडेपाचपासून सातपर्यंत उताराने खाली आले आहे.

असा उतार सूर्यास्ताच्या सुमारास दिसला की मला पहिली शंका मध्यम लहरींच्या रेडिओची येते. दिवसा वातावरणाच्या वरच्या भागातला 'डी' थर या लहरी शोषून घेतो, म्हणून लांबची केंद्रे ऐकू येत नाहीत. ऊन गेले की हा थर विरळ होत जातो, लहरी त्याच्यावरच्या थरांवरून परावर्तित होतात आणि शेकडो किलोमीटरवरची केंद्रे पोहोचू लागतात. ती जशी रेडिओला मिळतात तशी तुमच्या तारेलाही मिळतात. एडीएसएल२+ चा डाउनलोड २.२ मेगाहर्ट्झपर्यंत जातो आणि मध्यम लहरींचा पट्टा साधारण ५३० ते १६०० किलोहर्ट्झचा, म्हणजे पूर्ण त्याच्या पोटातच येतो.

हे तपासता येते. लाइनचा पट्टा टोन नावाच्या अरुंद तुकड्यांत विभागलेला असतो आणि `adsl info --SNR` ही आज्ञा प्रत्येक टोनचा आकडा वेगळा देते. एकदा दुपारी आणि एकदा रात्री दहाला ती चालवा आणि दोन्हींची वजाबाकी करा. टोनचा क्रमांक गुणिले ४.३१२५ केले की किलोहर्ट्झ मिळतात. केबलमधल्या गर्दीचा परिणाम रुंद पट्ट्यावर सपाट दिसेल, रेडिओचा परिणाम दोन-तीन टोनांच्या अरुंद खड्ड्यांत दिसेल.

सायंतारा

केली. १२० पर्यंतच्या टोनांत अर्ध्या-एक डेसिबलपेक्षा जास्त फरक नाही. तिथून साधारण ३७० पर्यंत बहुतेक टोन ५ ते ६ डेसिबलने खाली आले आहेत आणि मध्येच खोल खड्डे आहेत : टोन १४२ वर १४, टोन १६९ वर ११, आणि टोन २४४ वर १८ डेसिबल. ३८० च्या पुढे फरक २ डेसिबलच्या आत आहे.

काटेकोर

१४२ म्हणजे सुमारे ६१२ किलोहर्ट्झ, १६९ म्हणजे ७२९ आणि २४४ म्हणजे १०५२. मध्यम लहरींची केंद्रे ९ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली असतात त्या व्यवस्थेत ६१२, ७२९ आणि १०५३ या तिन्ही जागा नेमक्या येतात. फरक सुरू होतो आणि संपतो त्या जागाही पट्ट्याच्या दोन टोकांशी जुळतात. मला वाटते, आता फारशी शंका उरत नाही.

वेगाचा हिशेबही करून पाहिला. साधारण ३ डेसिबल गेले की एका टोनवर एक बिट कमी बसतो आणि एका बिटामागे सेकंदाला सुमारे ४ किलोबिट जातात. पट्ट्यातल्या अडीचशे टोनांत, खड्डे धरून, सरासरी ७ डेसिबल गेले असे मानले, तर सुमारे २,३०० किलोबिटचा तोटा येतो. तुमच्या दोन जुळण्यांतला फरक २,४६० आहे.

मेघना_रा

मुख्य कारण रेडिओ, हे मान्य. तरी ३८० च्या पुढचा तो २ डेसिबलचा फरक रेडिओच्या पट्ट्याबाहेरचा आहे. तो कुठून आला?

खांबावरचा

तो भाग केबलमधल्या झिरपण्याचा असू शकतो आणि तिथे मी तुमचे म्हणणे नाकारत नाही. त्यासाठी पायरी दिसते का ते पाहावे लागेल, पण एवढ्या लहान फरकात ती ओळखणे कठीण असते.

आता उपायाकडे येतो. रेडिओची केंद्रे बंद करता येणार नाहीत, पण तार ती किती पकडते हे आपल्या हातात असते. जोडीतल्या दोन तारा नीट पिळलेल्या आणि दोन्ही बाजूंनी सारख्या असतील, तर बाहेरचा सिग्नल दोघींत सारखा शिरतो आणि राउटरपाशी वजा होतो. एका तारेचा जोड गंजला, तिचा रोध वाढला, की हा तोल बिघडतो. घरातली चपटी, न पिळलेली वाढीव तारही तोच बिघाड करते आणि वर अँटेनाचेही काम करते. तुमची लाइन घरात शिरते त्या पहिल्याच बिंदूवर राउटर लावा, पुढची वाढीव तार तिथून पूर्ण सोडवा आणि एका संध्याकाळचा उतार पुन्हा मोजा. तार नुसती मोकळी ठेवू नका, सोडवाच, कारण टोकाला काहीही न लावलेली तारही जोडणीत असेपर्यंत रेडिओ पकडत राहते.

नवखा_वाचक

सेवा देणाऱ्यांकडून राखीव मार्जिन ६ ऐवजी ९ किंवा १२ करून घेतले तर? एका ठिकाणी तो उपाय वाचला होता.

काटेकोर

त्याने तुटणे थांबेल, पण दुपारचा वेगही कायमचा कमी होईल. ६ वरून ९ वर गेले की या लाइनवर अंदाजे दीड मेगाबिट जाईल. नुसता सकाळचा कार्यक्रम बंद केला तरी लाइन जवळपास त्याच जागी येते आणि त्यासाठी कोणाला विनंती करावी लागत नाही. मात्र वीज जाऊन दुपारी राउटर पुन्हा चालू झाला, तर त्या दिवशी संध्याकाळी एकदा तुटेलच. ज्यांच्याकडे दिवसा वीज वारंवार जाते, त्यांनी ९ करून घेणे अधिक बरे.

पाऊलखुणा

धागा वाचून मी माझाही लॉग पाहिला. माझ्याकडे `DSL` ची एकही ओळ नाही, म्हणजे माझा प्रश्न खरोखरच वायफायचा आहे. पण `PPP: LCP echo timeout` अशी ओळ आठवड्यातून एखादी दिसते. तिचा संबंध मार्जिनशी आहे का?

काटेकोर

त्या वेळी डीएसएल चालूच असेल आणि सीआरसी चुका वाढलेल्या नसतील, तर नाही. समोरच्या सर्व्हरकडून ठरावीक वेळेत उत्तर आले नाही, एवढाच त्या ओळीचा अर्थ आहे. चुका वाढलेल्या असतील तर मात्र राउटरने त्याला पाठवलेले प्रश्नही तारेतच हरवले असतील, म्हणून दोन्ही आकडे एकत्र पाहावे.

सायंतारा

राउटर पहिल्या बिंदूवर नेला, वाढीव तार सोडवली आणि सकाळचे पुन्हा चालू होणे बंद केले. दुपारपासून रात्रीपर्यंतचा उतार ५ डेसिबलवरून ३ वर आला आहे. सात वाजताचे तुटणे थांबले आहे. दुपारी मार्जिन ९ च्या वर असते आणि रात्री ६ च्या आसपास येऊन स्थिर होते.

साडेदहानंतरचे तुटणे मात्र काल पुन्हा झाले. २२:४१ ला मार्जिन ६.२ होते, २२:४२ ला जोडणी गेली होती. आधी उतार नाही. `Previous 15 minutes` मध्ये `SES`, म्हणजे फार चुका झालेले सेकंद, ११ आहेत. हाही रेडिओच का?

खांबावरचा

नसावा. रेडिओ एका मिनिटात ६ डेसिबल नेत नाही. ही जवळच चालू होणाऱ्या एखाद्या उपकरणाची खूण वाटते. अपलोडचे मार्जिन त्या वेळी किती होते? अपलोड २५ ते १३८ किलोहर्ट्झमध्ये चालतो आणि मध्यम लहरी तिथे पोहोचतच नाहीत. म्हणून संध्याकाळच्या उतारात तो आकडा हलायला नको. तो साडेदहाला हलला असेल, तर स्रोत रुंद पट्ट्यावर नॉइज टाकणारा आहे. अपलोडचा आकडा एक्स्चेंजच्या टोकाला मोजला जातो. तिथपर्यंत तो नॉइज पोहोचला, म्हणजे मुळातच जोरदार असला पाहिजे.

सायंतारा

संध्याकाळी अपलोडचे मार्जिन ८.४ ते ८.५ मध्येच राहते. काल तुटल्यानंतर नवी जुळणी होऊनही ते ४.९ होते आणि २३:२० ला एकदम ८.३ झाले.

मेघना_रा

म्हणजे ते जे काही आहे, ते २२:४१ ला चालू झाले आणि २३:२० ला बंद झाले. सुमारे चाळीस मिनिटे. कोणाच्या तरी घरात त्या वेळी ठरवून काहीतरी लावले जात असावे.

खांबावरचा

चाळीस मिनिटे हा शोध घ्यायला पुरेसा अवधी आहे. बॅटरीवर चालणारा साधा एएम रेडिओ घ्या, पट्ट्याच्या खालच्या टोकाला केंद्र नसलेल्या जागी लावा आणि आवाज चढवून ठेवा. अपलोडचे मार्जिन पडले की त्यात खरखर किंवा गुणगुण सुरू झाली का ते ऐका. झाली असेल, तर घराचा मेन स्विच बंद करा. आवाज थांबला तर उपकरण तुमचेच आहे, मग एकेक प्लग काढत जा. बहुधा चार्जर किंवा एलईडी दिव्याचा अ‍ॅडाप्टर निघतो. आवाज चालूच राहिला तर रेडिओ हातात घेऊन फिरा, कोणत्या भिंतीजवळ तो वाढतो ते पाहा आणि रेडिओ आडवा फिरवा. आतल्या फेराइट कांडीचे टोक स्रोताकडे आले की आवाज सर्वांत कमी होतो, त्यामुळे दिशाही कळते.

सायंतारा

रेडिओ मिळवला आहे. हा प्रकार रोज होत नाही, म्हणून नोंदीत अपलोडचे मार्जिन ७ च्या खाली गेले की संगणकाने आवाज द्यावा असे करून ठेवत आहे. पुन्हा घडले की मेन स्विच बंद करण्याआधीचा आणि नंतरचा आवाज कसा होता, ते इथेच लिहीन.